दोन दिशांची साक्ष पुरते का?

संमिश्र संख्या z = x + iy म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू. x हा तिचा वास्तव भाग, y हा काल्पनिक भाग आणि i चा वर्ग −1. अशी एक संख्या घेऊन दुसरी संमिश्र संख्या देणारे फलन f असेल, तर त्याचेही दोन भाग पडतात: f = u + iv. इथे u आणि v ही x, y यांवर अवलंबून असलेली साधी वास्तव फलने. असे फलन अवकलनीय आहे की नाही हे ठरवायची एक रीत बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. चार आंशिक अवकलज काढायचे आणि u_x = v_y, u_y = −v_x ही दोन समीकरणे जुळतात का ते पाहायचे. जुळली की “अवकलनीय आहे” असे लिहून मोकळे व्हायचे. हे शेवटचे वाक्य मात्र अनेकदा घाईचे ठरते, आणि ते का, हे समजले की या समीकरणांचा खरा अर्थही उलगडतो.

अवकलजाची व्याख्या ओळखीचीच आहे. z पासून h एवढे सरकायचे, f मध्ये झालेला बदल h ने भागायचा आणि h शून्याकडे न्यायचा. वास्तव संख्यारेषेवर शून्याकडे जायला डावी आणि उजवी अशा दोनच बाजू असतात. प्रतलावर मात्र h कुठल्याही दिशेने, वळसे घेतसुद्धा, शून्याकडे येऊ शकतो आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच यावे लागते. ही अट फार कडक आहे.

आता फक्त दोन वाटा पाहू. h आडवा, म्हणजे निव्वळ वास्तव घेतला, तर उत्तर येते u_x + i v_x. h उभा, म्हणजे i च्या दिशेने घेतला, तर (u_y + i v_y) ला i ने भागावे लागते. 1/i म्हणजे −i, म्हणून उत्तर v_y − i u_y. ही दोन उत्तरे सारखी असायला हवीत, तर वास्तव भाग वास्तव भागाशी आणि काल्पनिक भाग काल्पनिक भागाशी जुळला पाहिजे. तीच आपली दोन समीकरणे. दुसऱ्या समीकरणातले ऋण चिन्ह कुठून आले, असे विद्यार्थी विचारतात. ते त्या i च्या भागाकारातून आले. द्रवप्रवाहाचा अभ्यास करताना दालांबेर यांना ही समीकरणे 1752 मध्येच भेटली होती. पुढे कॉशी यांनी आणि 1851 च्या प्रबंधात रीमान यांनी त्यांना या विषयाच्या पायाशी बसवले, म्हणून त्यांची नावे त्यांना चिकटली.

z² घ्या. u = x² − y² आणि v = 2xy. मग u_x आणि v_y दोन्ही 2x, तर u_y = −2y आणि v_x = 2y. सगळे जुळते, आणि अवकलजही अपेक्षेप्रमाणे 2z येतो. याउलट z चे संयुग्म, म्हणजे x − iy, दिसायला कितीतरी साधे आहे; पण तिथे u_x = 1 आणि v_y = −1. आडव्या वाटेने उत्तर 1, उभ्या वाटेने −1. हे फलन एकाही बिंदूला अवकलनीय नाही. एखादे फलन नापास करायचे असेल तेव्हा ही कसोटी पूर्ण भरवशाची आहे: समीकरण मोडले की विषय संपला.

अडचण पास करताना येते. f(z) = z⁵/|z|⁴ हे फलन पाहा, आणि f(0) = 0 ठेवा. x-अक्षावर त्याची किंमत x, आणि y-अक्षावर (iy)⁵/y⁴, म्हणजे iy. म्हणून आरंभबिंदूपाशी u_x = 1, v_y = 1 आणि उरलेले दोन अवकलज शून्य. समीकरणे तंतोतंत जुळली! आता z = t(1 + i) या तिरक्या रेषेवरून या. बदल भागिले h म्हणजे z⁴/|z|⁴. (1 + i)⁴ = −4 आणि |1 + i|⁴ = 4, म्हणून उत्तर −1. अक्षांवरून 1, कर्णावरून −1. सीमा अस्तित्वातच नाही, तर अवकलज कुठून असणार? समीकरणांनी फक्त आडवी आणि उभी वाट विचारली, तिरकी विचारलीच नाही.

मग कमी काय पडले? बिंदूभोवती f मधला बदल एका सरळ, रेषीय सूत्राने जवळपास अचूक सांगता आला पाहिजे. आडवे p आणि उभे q सरकल्यावर बदल सुमारे ap + bq, आणि उरलेली चूक h च्या तुलनेत नगण्य. इथे a = u_x + i v_x आणि b = u_y + i v_y. कॉशी-रीमान समीकरणे एवढेच म्हणतात की b = ia. ते ठेवले की ap + iaq = a(p + iq) = ah. बदल म्हणजे h गुणिले एकच संख्या, मग दिशा कुठलीही असो. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर ओळ वाटते. i ने गुणणे म्हणजे काटकोनात फिरवणे. त्यामुळे समीकरणे सांगतात की उभ्या पावलाची प्रतिमा ही आडव्या पावलाच्या प्रतिमेशी काटकोन करते आणि तेवढ्याच लांबीची असते. पण रेषीय सूत्र मुळात लागू असेल तरच या सांगण्याला अर्थ आहे.

ते लागू आहे हे ओळखायची सोपी खूण अशी: चारही आंशिक अवकलज त्या बिंदूभोवती अस्तित्वात असावेत आणि त्या बिंदूपाशी संतत असावेत. आपल्या फलनात u_x आरंभबिंदूवर 1 आहे. पण कर्णावर, शून्याच्या कितीही जवळ, ते −3 येते. खूण तिथेच चुकते. खूण पटली नाही म्हणून फलन नापास होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मग थेट व्याख्येकडे जावे लागते.

वरच्या उदाहरणात समीकरणे आरंभबिंदू सोडून इतरत्र कुठेच जुळत नाहीत. मग ती सगळ्या प्रतलावर जुळली तर? तरीही सुटका नाही. e^(−1/z⁴) घ्या, शून्यापाशी किंमत 0 ठेवा. इतर सर्वत्र ते अवकलनीय आहे. अक्षांवर z⁴ धन असल्याने फलन शून्याकडे इतक्या वेगाने बसते की आरंभबिंदूपाशी चारही आंशिक अवकलज शून्य येतात. म्हणजे समीकरणे प्रत्येक बिंदूला खरी. पण कर्णावर z⁴ = −4t⁴. t = 0.5 ठेवल्यास किंमत e⁴, सुमारे 54.6; t = 0.1 ठेवल्यास e²⁵⁰⁰, हजारांहून अधिक अंकांची संख्या. शून्याजवळ जावे तसे फलन फुटत जाते. अवकलन राहू द्या, ते तिथे संततही नाही.

इथे संततपणाच काय तो कमी होता. डच गणिती लोमान यांनी 1923 मध्ये मांडलेला आणि त्यातली उणीव भरून रशियन गणिती मेन्शॉफ यांनी पुरा केलेला सिद्धांत हेच सांगतो: एखाद्या खुल्या क्षेत्रात f संतत असेल, चारही आंशिक अवकलज प्रत्येक बिंदूला असतील आणि दोन्ही समीकरणे प्रत्येक बिंदूला जुळत असतील, तर f त्या क्षेत्रात सर्वत्र अवकलनीय असते. आंशिक अवकलज संतत आहेत का, हे तपासायची गरज उरत नाही. z⁵/|z|⁴ संतत आहे, पण समीकरणे एकाच बिंदूवर पाळते; e^(−1/z⁴) समीकरणे सर्वत्र पाळते, पण एका बिंदूवर संतत नाही. दोन्ही फलने आरंभबिंदूपाशीच अडतात, मात्र वेगवेगळ्या कारणांनी.