आठवड्याचा आकडा घसरला, पण खरंच काही बदललं का?

मराठी पाककृतींचं एक छोटं यूट्यूब चॅनल डोळ्यांसमोर आणा. आठवड्याला दोन नवे व्हिडिओ, मंगळवारी एक आणि शुक्रवारी एक. चालवणाऱ्या बाई दर सोमवारी मागच्या आठवड्याचा एकच आकडा वहीत लिहितात: प्रेक्षकांनी मिळून किती तास व्हिडिओ पाहिले. गेल्या बारा आठवड्यांचे आकडे असे आहेत, असं मानू: 840, 780, 850, 900, 830, 910, 820, 860, 790, 830, 800, 870. आणि तेराव्या सोमवारी आकडा येतो 740.

एका आठवड्यात 130 तास गेले. टक्केवारीत सांगायचं तर 15 टक्के घट. आता बहुतेक जण करतात तेच होतं. थंबनेलचा रंग बदलला जातो, व्हिडिओची लांबी कमी होते, घरातलं कुणीतरी 'लोकांना आता थालीपीठ नकोच आहे' असं सांगतं. पुढच्या आठवड्यात आकडा थोडा वर आला की श्रेय नव्या रंगाला जातं. मेहनती माणसं अशी दर सोमवारी कामाची दिशा बदलतात याचं मला वाईट वाटतं, कारण पहिला प्रश्न विचारलाच गेलेला नसतो: हा आकडा नेहमीच्या चढउतारातला आहे, की त्याच्या बाहेरचा?

तो प्रश्न सोडवायला आधी नेहमीचा चढउतार किती ते मोजावं लागतं. बारा आठवड्यांची सरासरी 840 येते. मग लागोपाठच्या दोन आठवड्यांत किती फरक पडला, ते वजा-अधिक न पाहता लिहायचं: 60, 70, 50, 70, 80, 90, 40, 70, 40, 30, 70. या अकरा फरकांची सरासरी साधारण 61. म्हणजे काहीही विशेष घडलं नसताना हे चॅनल एका आठवड्यातून दुसऱ्यात साधारण 61 तासांनी इकडेतिकडे होतंच. कुठे पाऊस, कुठे परीक्षा, कुठे क्रिकेटचा सामना, आणि पुष्कळदा सांगता येईल असं कारणच नाही.

या 61 ला 2.66 ने गुणलं की 162 मिळतात. 840 मध्ये 162 मिळवले की वरची मर्यादा 1002, वजा केले की खालची 678. हा 2.66 हवेतून आलेला नाही. लागोपाठच्या आकड्यांमधल्या सरासरी फरकावरून प्रमाण विचलनाचा अंदाज बांधायचा आणि त्याची तिप्पट घ्यायची, तर हाच गुणक येतो. मर्यादा मुद्दाम इतकी सैल ठेवतात, म्हणजे तिच्या बाहेर आकडा गेला तर कारण शोधण्यात घालवलेला वेळ सहसा वाया जात नाही.

740 हा 678 च्या वर आहे. म्हणजे 15 टक्क्यांची घट असूनही या एका आकड्यावरून काही बदललं असं म्हणता येत नाही. थंबनेलला हात लावायचं कारण नाही.

ही पद्धत वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या विचारातून आली. 1924 साली त्याने टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांसाठी नियंत्रण आलेख मांडला. कामगार आणि अभियंते प्रत्येक लहान फरकामागे धावत यंत्रं पुन्हा पुन्हा जुळवत, आणि त्यामुळे माल सुधारण्याऐवजी आणखी बिघडे. चढउताराला बिघाड समजणं ही एक चूक, बिघाडाला चढउतार समजणं ही दुसरी, आणि दोन्हींचा खर्च कमीत कमी राहील अशी रेषा आखायची, हा त्याचा मुद्दा होता. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून 1947-48 मध्ये तो भारतातही येऊन गेला. कारखान्यातल्या सुट्या भागांऐवजी प्रेक्षकांचे तास आले तरी प्रश्न तोच राहतो.

अनेक ठिकाणी यापेक्षा सोपा वाटणारा नियम असतो: '5 टक्क्यांहून जास्त बदल झाला की लाल रंग.' आपल्या बारा आठवड्यांना तो लावून पाहा. अकरा बदलांपैकी नऊ वेळा लाल दिवा लागला असता, आणि त्या काळात चॅनलमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. आकडा आपल्या चॅनलच्या सवयीतून काढला नाही, तर उंबरठा कितीही गोल आणि देखणा असला तरी उपयोगाचा नाही.

आता सरकती सरासरी, म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज. ताज्या चार आठवड्यांची सरासरी घ्यायची; नवा आठवडा आला की सर्वांत जुना बाहेर. बाराव्या आठवड्याला ती 822 होती, तेराव्याला 810. पंधरा टक्क्यांची दरी एकदम दीड टक्क्याची दिसते. डोळ्यांना उसंत मिळते आणि दिशा कळते, म्हणून ही रेषा मला आवडते. पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत आणि ते माहीत असायलाच हवेत.

पहिला असा की ही रेषा हलते ती नव्या आकड्यामुळे जितकी, तितकीच बाहेर पडणाऱ्या आकड्यामुळे. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात 1400 तास पाहिले गेले, तर तो आकडा चार आठवडे सरासरी उंच धरून ठेवतो. पाचव्या आठवड्यात तो बाहेर पडतो आणि रेषा धाडकन खाली येते. त्या आठवड्यात प्रत्यक्षात काहीही घडलेलं नसतं. घडलं ते महिन्याभरापूर्वी संपलेलं असतं. म्हणून रेषा घसरली की आधी कोणता आठवडा बाहेर गेला ते पाहावं.

दुसरा खळगा मर्यादेचा. चार आकड्यांची सरासरी एकेका आकड्याच्या साधारण निम्मीच हलते. त्यामुळे तिची मर्यादाही निम्मी हवी: 840 च्या अलीकडे-पलीकडे 81, म्हणजे 759 ते 921. एकेका आठवड्यासाठी काढलेली 678 ची मर्यादा सरासरीच्या रेषेला लावली, तर ती रेषा तिथे पोहोचेपर्यंत चॅनल अर्धं रिकामं झालेलं असेल.

पुढचे सात आठवडे पाहू: 770, 790, 760, 800, 780, 750, 770. यातला एकही आकडा 678 च्या जवळपास नाही. सरकती सरासरीही सर्वांत खाली 765 पर्यंत जाते, 759 ओलांडत नाही. दोन्ही उंबरठे गप्प. तरीही तेराव्यापासून विसाव्यापर्यंतचे आठही आठवडे 840 च्या खाली आहेत. काहीच बदललं नसतं तर प्रत्येक आठवडा सरासरीच्या वर किंवा खाली जाण्याची शक्यता जवळपास सारखी असती, आणि सलग आठ एकाच बाजूला पडण्याची शक्यता 128 मध्ये 1. म्हणून सलग आठ एका बाजूला आले की बदल खरा मानायचा, असा जुना नियम आहे. या आठ आठवड्यांची सरासरी 770 आहे, म्हणजे घट 8 टक्क्यांची.

15 टक्क्यांची घट एकट्याने काही सिद्ध करू शकली नाही आणि 8 टक्क्यांची खरी निघाली. या साऱ्या हिशेबातून मला हेच सांगायचं आहे. बदल किती मोठा आहे एवढ्यावर निकाल लागत नाही. तो नेहमीच्या चढउताराच्या तुलनेत किती मोठा आहे आणि किती काळ टिकला, यावर लागतो.

आठ आठवडे म्हणजे दोन महिने, आणि तेवढं थांबणं जड जातं हे खरं. सहाचा नियम लावला तर उत्तर दोन आठवडे आधी मिळेल, पण खोटी हाक येण्याची शक्यता 32 मध्ये 1 होईल. यातलं काय परवडतं ते ज्याचं त्याने ठरवावं, फक्त आकडे पाहण्याआधी ठरवावं. आकडा समोर आल्यावर निवडलेला नियम आपल्याला हवं तेच उत्तर देतो.

हे सगळं साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं. B2 ते B13 मध्ये बारा आठवडे लिहा, तेरावा B14 मध्ये. C3 मध्ये पहिलं सूत्र लिहून C13 पर्यंत ओढा. दुसरं तेराव्या आठवड्याची सरकती सरासरी देतं, तिसरं खालची मर्यादा.

```
=ABS(B3-B2)
=AVERAGE(B11:B14)
=AVERAGE(B2:B13)-2.66*AVERAGE(C3:C13)
```

दोन पथ्यं मात्र गणिताबाहेरची आहेत. एक, आपला पंचांग. मागच्या वर्षीच्या त्याच तारखांच्या आठवड्याशी तुलना करणं शहाणपणाचं वाटतं, पण गणेश चतुर्थी 2023 साली अधिक श्रावणामुळे 19 सप्टेंबरला आली, 2024 साली 7 सप्टेंबरला आणि 2025 साली 27 ऑगस्टला. मोदकांच्या चॅनलने तारखेला तारीख लावली तर एका वर्षी भरभराट दिसेल आणि पुढच्या वर्षी दुष्काळ, दोन्ही खोटे. गणपतीचा आठवडा गणपतीच्या आठवड्याशीच ताडून पाहावा, आणि मर्यादा काढताना सणाचे आठवडे बाजूला ठेवावेत.

दुसरं, मोजण्याची रीत. 31 मार्च 2025 पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यू मोजण्याची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की प्रत्येक वेळी तो मोजला जाऊ लागला. त्या दिवसानंतर अनेकांचे व्ह्यू वाढले. आलेखावर हा बदल मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि तरीही बघणारी माणसं तेवढीच असू शकतात. म्हणून उडी दिसली की आधी मोजपट्टी तीच आहे का ते तपासावं. ताज्या दिवसांचे आकडेही पूर्ण यायला वेळ लागतो, तेव्हा अर्धवट आठवडा हिशेबात धरू नये.

छोट्या आकड्यांपुढे ही पद्धत थकते. आठवड्याला मोजक्याच कॉमेंट येत असतील तर खालची मर्यादा शून्याखाली जाऊ शकते आणि मग ती काहीच पकडत नाही. तिथे आठवडा सोडून महिना धरावा.

आणि बदल खरा आहे एवढंच हा हिशेब सांगतो. का झाला ते सांगत नाही. पण कुठे शोधायचं ते सांगतो. आपल्या उदाहरणात शोध तेराव्या आठवड्याभोवती घ्यायचा. त्याच आठवड्यापासून शुक्रवारचा व्हिडिओ सोमवारी टाकायला सुरुवात झाली होती, असं समजा. हा संशयित झाला, गुन्हेगार नव्हे. आता जुनी 840 ची रेषा पुसून नव्या आठ आठवड्यांवरून नवी काढायची: सरासरी 770, सरासरी फरक 27, वरची मर्यादा साधारण 842. आठच आठवड्यांवर बेतलेली असल्याने ती कच्ची आहे, पण कामाला पुरते. व्हिडिओ पुन्हा शुक्रवारी टाकावा आणि बाकी कशालाही हात लावू नये. एखादा आठवडा 842 च्या वर गेला, किंवा सलग आठ आठवडे 770 च्या वर राहिले, तर शुक्रवार हेच कारण होतं असं मानायला जागा आहे. तसं झालं नाही तर दुसरं कारण शोधायला घ्यावं.