नवरीचं नाक, नथ आणि तीन फोटो

मेकअप ठरवण्यासाठी नवरी फोटो पाठवते तेव्हा तो बहुधा सेल्फी असतो, आणि नाक वाचायला सेल्फीइतका फसवा फोटो नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा जो भाग कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ असतो तो फुगतो, आणि तो भाग म्हणजे नाक. 2018 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी याचं गणित मांडलं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाची खालची रुंदी प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त दिसते. पाच फुटांवर हा फरक जवळजवळ उरत नाही. शिवाय अनेक फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा ठेवतो. मराठी नवरीची नथ डाव्या नाकपुडीत असते, ती अशा फोटोत उजव्या नाकपुडीत असल्यासारखी दिसते आणि टोचायचा ठिपका भलत्याच बाजूला ठरवला जातो.

म्हणून फोटो दुसऱ्या कुणीतरी काढावा. मागचा कॅमेरा, पाच-सहा फुटांचं अंतर, थोडा झूम, कॅमेरा नाकाच्या उंचीवर, समोर खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. एक फोटो समोरून, एक डाव्या बाजूने आणि एक समोरूनच, पण मनापासून हसताना. बाजूच्या फोटोत हनुवटी वर गेली की नाक आखूड वाटतं, खाली गेली की लांब. डोळ्याखालचं हाड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आले की मान सरळ आहे असं समजावं.

आता एक नाक घेऊ. समोरच्या फोटोत डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर 10 धरलं, तर दोन्ही नाकपुड्यांची मिळून रुंदी 12 भरते. पुस्तकात ही दोन्ही मापं सारखी सांगितलेली असतात. आपल्याकडच्या कितीतरी चेहऱ्यांना ते माप लागू पडत नाही, आणि त्यात दोष काहीच नाही. बाजूच्या फोटोत दांड्यावर, मध्याच्या जरा वर, लहानसा उंचवटा आहे. नाकाचं हाड तिथे संपून कूर्चा सुरू होते. नेमकी तिथेच नाकाची त्वचा सर्वांत पातळ असते.

सरसकट दांड्यावर चमकदार हायलायटरची पट्टी ओढली की हाच उंचवटा उठून दिसतो. या नाकासाठी मॅट, अगदी अरुंद रेघ घ्यावी. ती उंचवट्याच्या वर, भुवयांमधल्या खोलगट जागी आणि मग थेट शेंड्याच्या जरा वर लावावी, मधली जागा मोकळी सोडावी. कॉन्टूर त्वचेपेक्षा दोन छटा गडद आणि किंचित राखाडीकडे झुकणारा हवा, कारण सावलीत तांबूसपणा नसतो. भुवईच्या आतल्या टोकापासून खाली येणाऱ्या दोन रेषा दांड्याच्या कडेने, फार जवळ न आणता, नीट मिसळाव्यात. डाव्या नाकपुडीवर कॉन्टूर जवळजवळ नकोच: नथीचे मोती स्वतःची सावली पाडतात आणि लावलेला रंग पुसूनही काढतात. एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. कॉन्टूर समोरून पाहणाऱ्यासाठी असतो. बाजूने दिसणारी नाकाची रेषा कुठल्याही रंगाने बदलत नाही, आणि जो बदलून देतो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

चमकी किंवा नथीची जागा ठरते ती बाजूच्या फोटोवर. नाकपुडी जिथे गालाकडे वळते तिथे एक कमानदार घडी असते. साधारणपणे घडीच्या किंचित पुढे, तिच्या मध्यावर ठिपका पेन्सिलने काढून पाहतात. या नाकपुड्या रुंद आहेत. ठिपका अगदी घडीत गेला तर समोरून नजर नेमकी नाकाच्या सर्वांत रुंद टोकाकडे जाईल. म्हणून तो एक-दोन मिलिमीटर पुढे घ्यावा. उंचीचा विचार वेगळा. नथीची तार भोकातून निघून नाकपुडीच्या कडेला वळसा घालते. भोक फार वर असलं तर तार कडेला रुतते; फार खाली असलं तर मोत्यांच्या वजनाने ते ओघळत जातं.

ठिपका काढल्यावर हसरा फोटो पुन्हा घ्या. हसताना नाकपुडी पसरते, वर उचलली जाते आणि ठिपका गालाच्या घडीत बुडू शकतो. लग्नात नवरी हसतच असते, तेव्हा त्या फोटोत ठिपका स्पष्ट दिसायलाच हवा. नसेल दिसत तर पुसून पुन्हा काढा. शेवटचा निर्णय मात्र टोचणाऱ्याच्या बोटांना घेऊ द्या. नाकपुडी कुठे जाड, कुठे कडक, हे फोटो सांगत नाही.

नाकाचं भोक पूर्ण बरं व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. लग्न त्याहून जवळ आलं असेल तर ताज्या भोकात मोत्यांची नथ घालू नका. चापाची नथ घ्या आणि ठरवलेल्याच ठिपक्यावर बसवा.