जामित्र : लग्न आणि अस्तबिंदू यांचा मेळ

‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गाच्या आरंभी पार्वतीच्या विवाहासाठी निवडलेल्या तिथीचे वर्णन करताना कालिदासाने ‘जामित्र’ हा शब्द योजला आहे. लग्नापासून सातवे स्थान असा त्याचा अर्थ टीकाकार देतात, आणि ते स्थान शुद्ध असलेली तिथी असा कवीचा आशय आहे. हा शब्द मुळात संस्कृत नव्हे. ग्रीक भाषेत ‘व्यास’ या अर्थी जो ‘दियामेत्रोस्’ शब्द आहे, त्याचे हे भारतीय रूप होय. वर्तुळाच्या एका टोकाला लग्न, तर व्यासाच्या दुसऱ्या टोकाला जामित्र. याच स्थानाला वराहमिहिराने वापरलेला ‘द्यून’ हा शब्दही मावळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आलेला आहे. पुढे त्याच स्थानाला जाया, कलत्र, मदन अशी नावे मिळाली आणि भूमितीतील एक संज्ञा विवाहाची संज्ञा बनली. वधूवरांच्या पत्रिका परस्परांवर ठेवून पाहण्याच्या एका प्रकारात हा भूमितीचा मूळ अर्थ पुन्हा पुढे येतो. एकाचे लग्न दुसऱ्याच्या सप्तमारंभावर पडते काय, हा त्यातील प्रश्न असतो.

जन्मसमयी क्रांतिवृत्ताचा जो बिंदू पूर्वक्षितिजावर उगवत असतो तो लग्नबिंदू, आणि त्याच क्षणी पश्चिमक्षितिजावर मावळत असणारा बिंदू तो अस्तबिंदू. दोहोंमध्ये नेमके 180 अंशांचे अंतर असते. लग्न हे जातकाचे स्वतःचे स्थान आणि अस्तबिंदू हे जोडीदाराचे, असे फलज्योतिष मानते. म्हणून वधूचे लग्न वराच्या अस्तबिंदूवर आले, तर वराने ज्या जागी जोडीदार अपेक्षिला तेथेच वधू स्वतः उभी आहे, असा अर्थ लावला जातो. हा मेळ एकतर्फी असू शकत नाही. वधूचे लग्न वराच्या अस्तबिंदूवर असेल, तर वराचे लग्न वधूच्या अस्तबिंदूवर असणारच. व्यासाची टोके तेवढी बदलतात. ही परस्परता भूमितीची आहे. तिच्यावरून वैवाहिक सुखाचे अनुमान काढणे ही मात्र परंपरेची श्रद्धा होय.

महाराष्ट्रात रूढ असलेल्या छत्तीस गुणांच्या मेलनात या मेळाला स्थान नाही. ते मेलन चंद्राच्या नक्षत्रावर आणि राशीवर चालते. परंतु सप्तमारंभाची अंशात्मक कल्पना भारतीय परंपरेला अपरिचित होती असेही नाही. रामदैवज्ञाच्या ‘मुहूर्तचिंतामणी’त, म्हणजे 1600 च्या सुमारास, विवाहाच्या वेळी लग्नापासून किंवा चंद्रापासून पंचावन्नाव्या नवमांशात ग्रह असल्यास जामित्रदोष सांगितला आहे. एक नवमांश 3 अंश 20 कलांचा. पंचावन्नावा नवमांश सुरू होण्यापूर्वी चोपन्न नवमांश पुरे होतात आणि त्यांची बेरीज बरोबर 180 अंश येते. संपूर्ण सातवी रास न घेता व्यासाचे टोक नेमके धरण्याचाच हा प्रयत्न आहे.

रास धरावी की अंश, या प्रश्नाचे परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतील. सूर्यबिंबाचा मध्य गणिताने पूर्वक्षितिजावर असतो तेव्हा सूर्याचा अंश हेच लग्न असते, आणि तो पश्चिमक्षितिजावर असतो तेव्हा सूर्यासमोरचा अंश लग्नी असतो. समजा, वराचा जन्म 12 एप्रिल 1975 रोजी सूर्योदयी आणि वधूचा 15 एप्रिल 1978 रोजी सूर्यास्ती, दोघांचाही पुण्यात झाला. सायन गणनेने वराचे लग्न मेषेच्या सुमारे साडेएकवीस अंशांवर येते, तर वधूचे तुळेच्या सव्वापंचवीस अंशांवर. वराचा अस्तबिंदू तुळेच्या साडेएकवीस अंशांवर असल्यामुळे दोहोंत पावणेचार अंशांचा फरक उरतो. पाच अंशांची सूट देणारा ज्योतिषी हा मेळ मान्य करील.

आता हीच लग्ने चित्रापक्षीय अयनांश वजा करून निरयन करावीत. अयनांश साडेतेवीस अंशांच्या आसपास आहेत आणि तीन वर्षांत त्यांत तीन कलांहूनही कमी फरक पडतो. त्यामुळे दोन लग्नांमधील अंतर बदलत नाही. राशी मात्र बदलते. वराचे लग्न मीनेच्या अठ्ठाविसाव्या अंशाजवळ येते आणि वधूचे तुळेच्या दुसऱ्या अंशात. मीनेपासून मोजली असता तूळ आठवी आणि तुळेपासून मीन सहावी. केवळ राशी पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे समसप्तक नव्हे, षडाष्टक होय. भकूटातील राशीचा नियम लग्नाला लावणारा ज्योतिषी हे स्थळ नाकारील. आकाशातील स्थिती तीच, दोन बिंदूंमधील अंतर तेच, आणि निर्णय मात्र परस्परविरुद्ध.

भावारंभाविषयीचा मतभेद याहून सूक्ष्म आहे. कृष्णमूर्ती पद्धतीत लग्नबिंदू हा प्रथम भावाचा आरंभ मानतात. त्या हिशेबाने वराचा सप्तम भाव कन्येच्या अठ्ठाविसाव्या अंशाजवळ सुरू होतो आणि वधूचे लग्न त्याच्या आत पडते. उलट वधूचा सप्तम भाव मेषेच्या दुसऱ्या अंशात सुरू होत असल्यामुळे वराचे लग्न त्याच्या अलीकडे, षष्ठ भावात राहते. बिंदूंचा मेळ परस्पर असूनही भावांचा मेळ असा एकतर्फी होतो. श्रीपती पद्धतीत लग्नबिंदू हा भावाचा मध्य असतो आणि भाव त्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. म्हणून तेथे दोघांचीही लग्ने एकमेकांच्या सप्तमातच राहतात. ‘सप्तमात आहे’ असे विधान वाचताना ते कोणत्या पद्धतीचे, हे पाहिल्यावाचून त्याला निश्चित अर्थ येत नाही.

तिसरी अडचण जन्मवेळेची आहे. लग्न सरासरीने चार मिनिटांत एक अंश सरकते, पण त्याची गती सर्वत्र सारखी नसते. पुण्याच्या अक्षांशावर सायन मेष रास सुमारे शहाण्णव मिनिटांत उगवते, तर तुळेला सुमारे दोन तास सात मिनिटे लागतात. त्यामुळे वराच्या वेळेतील चूक वधूच्या वेळेतील तेवढ्याच चुकीपेक्षा अधिक भोवते. वराचा जन्म नोंदीपेक्षा सात मिनिटे उशिरा झाला असेल, तर त्याचे निरयन लग्न मीन ओलांडून मेषेत जाते आणि षडाष्टकाचे समसप्तक होते. वेळ पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने गोळाबेरीज करून लिहिलेली दिसली, तर अंशांवर आधारलेल्या मेळाबद्दल संशय घ्यावा. लग्न राशीच्या पहिल्या वा शेवटच्या दोन-तीन अंशांत असेल, तर राशीवर आधारलेल्या मेळाबद्दलही.

मराठीत दोन माणसांचे पटत नसले की त्यांचे षडाष्टक आहे असे म्हणतात. ज्योतिषाचा गंधही नसलेल्या संसारात हा शब्द सहज रुळला आहे. त्याच्यामागील गणित मात्र एखाद्या स्थळाचा निकाल सात मिनिटांवर टांगून ठेवते. ‘जामित्र’ या शब्दाचे भाषांतर करताना म्हणूनच थोडी सावधगिरी हवी. कालिदासाच्या प्रसंगात तो विवाहमुहूर्ताच्या शुद्धीचा शब्द आहे, रामदैवज्ञाच्या नियमात तो एका नवमांशाइतका अरुंद होतो, आणि पत्रिकामेलनात कधी संपूर्ण रास, कधी भाव, तर कधी एकच बिंदू असे त्याचे क्षेत्र पालटते. सर्वत्र ‘सातवे घर’ असे एकच भाषांतर केले, तर व्यासाचे दुसरे टोक हा त्याचा सर्वांत जुना अर्थ तेवढा हरवतो.