शेवटच्या रांगेतून स्लाइड वाचता येत नाही? फॉन्ट किती मोठा हवा, समजून घ्या

सहकारी संस्थेची वार्षिक सभा. पडद्यावर ठराव झळकतो, हात वर करायला सांगितलं जातं आणि मागच्या रांगेतले सभासद शेजाऱ्याला विचारतात, "काय लिहिलंय?" न वाचताच मत दिलं जातं. हे टाळायचं तर फॉन्टचा आकार अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावा लागतो.

आकार कसा काढायचा?

सोपा नियम असा, की शेवटच्या खुर्चीचं पडद्यापासूनचं अंतर भागिले 200 एवढी अक्षराची उंची हवी. सभागृह 24 मीटर खोल असेल, तर अक्षर पडद्यावर 12 सेंटीमीटर उंच हवं. दृष्टी उत्तम असलेल्याला याच्या साधारण तिसरा हिस्सा अक्षरही ओळखता येतं, पण ते ताण देऊन. सभेत सगळ्यांना सहज वाचता यायला हवं.

समजा पडदा 4 मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच आहे. 12 सेंटीमीटर म्हणजे त्याच्या उंचीचे सुमारे 5.3 टक्के. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड 540 पॉइंट उंच असते, म्हणजे अक्षर साधारण 29 पॉइंट उंच हवं.

मग फॉन्ट 29 ठेवायचा का?

नाही. इथेच गफलत होते. फॉन्टच्या आकारात वरच्या-खालच्या मात्रांची जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून खालपर्यंतचं 'क' हे अक्षर त्याच्या 60 टक्के धरलं, तर फॉन्ट 48 पॉइंट लागतो. हे प्रमाण फॉन्टनुसार बदलतं, म्हणून 100 पॉइंटचा 'क' टाइप करून त्याची उंची मोजावी.

जोडी कोणती?

बारीक-जाड रेषांचे वळणदार फॉन्ट लांबून तुटक दिसतात. मजकुरासाठी 'मुक्त' आणि शीर्षकासाठी ठसठशीत 'बलू 2' ही जोडी चालते. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप'चे असून मोफत मिळतात. ओळींमध्ये 1.3 पट अंतर ठेवलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडत नाही. मात्र अशा स्लाइडवर शीर्षकाखाली पाच-सहा ओळीच मावतात. जास्त मजकूर टाकला, तर पॉवरपॉइंट गुपचूप अक्षरं लहान करतं. त्यामुळे 'ऑटोफिट' बंद ठेवावं आणि ठराव दोन स्लाइडवर विभागावा.

घरीच चाचणी

24 मीटर म्हणजे या पडद्याच्या उंचीच्या पावणेअकरा पट. लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनची स्लाइड 19 सेंटीमीटर उंच दिसत असेल, तर दोन मीटर मागे उभं राहून ती वाचा. ध-घ, भ-म, थ-य यांत गोंधळ झाला किंवा अनुस्वार दिसेनासा झाला, तर सभागृहातही तेच होणार.