सुमो यंत्रमानव : आधी कड, मग प्रतिस्पर्धी

मिनी सुमो यंत्रमानवाचे वजन 500 ग्रॅमपर्यंत असते. आखाडा काळा, 77 सेंटिमीटर व्यासाचा व पांढऱ्या कडेचा असतो. पुढील कोपऱ्यांखालील अवरक्त संवेदक कडेवरून परतणारा अधिक प्रकाश ओळखतात. समोरचा अंतरसंवेदक प्रतिस्पर्धी शोधतो. आज्ञावलीत कडेची तपासणी प्रथम असावी :

```
if (edge) backTurn();
else if (enemy) push();
else spin();
```

क्रम उलटल्यास आखाड्याबाहेरील विद्यार्थ्यासच प्रतिस्पर्धी समजून यंत्रमानव बाहेर धावतो.

रेट्यास मर्यादा चाकांच्या पकडीची असते. घर्षणांक 0.8 व सर्व भार दोन चाकांवर धरल्यास रेटा सुमारे 400 ग्रॅमभार मिळतो. चाकाची त्रिज्या 1.5 सेंटिमीटर असता प्रत्येक मोटारीस 300 ग्रॅम-सेंटिमीटर टॉर्क लागतो. त्याहून अधिक दिल्यास चाके केवळ जागीच फिरतात. अशा वेळी शिक्षकांनी मोटार न बदलता प्रथम टायर पुसून पाहावेत.