पाने नव्हे, शब्द मोजा

‘एकशेचाळीस पानांचं मॅन्युअल आहे, किती घ्याल?’ या प्रश्नाला फोनवरच आकडा सांगणारा अनुवादक बहुधा फसतो. एका पानावर पाचशे शब्द असतात, तर दुसऱ्यावर नुसतं पंपाचं चित्र. म्हणून जाणता अनुवादक आधी पूर्ण फाइल मागवतो, तीही शक्यतो वर्डमधली. स्कॅन केलेल्या पीडीएफमधले शब्द आधी ओळखून, तपासून घ्यावे लागतात आणि त्याचा वेळ वेगळा लागतो.

समजा, मोजणीत ४२,००० शब्द निघाले. अनुवादाचं सॉफ्टवेअर पुढे सांगतं, की त्यातले ९,००० शब्द पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांतले आहेत. ‘वीजपुरवठा बंद करा’ ही सूचना प्रत्येक प्रकरणात असतेच. नव्या ३३,००० शब्दांना दोन रुपये दर धरला, तर ६६,००० रुपये होतात. पुनरावृत्त शब्दांना साठ पैसे धरले, तर त्यांचे ५,४००. पूर्ण फुकट मात्र नाही, कारण तेही संदर्भात वाचावे लागतात.

तांत्रिक मजकुरात दिवसाला २,२०० शब्दांचा वेग धरला, तर नव्या मजकुरालाच पंधरा दिवस लागतात. तपासणी आणि मांडणीचा आठवडा त्यावर.

खरी गोम आकृत्यांत असते. चित्रात कोरलेली ‘व्हॉल्व्ह’, ‘गास्केट’ अशी नावं मोजणीत येतच नाहीत. त्यामुळे ती कोण बदलणार, कंपनीची ठरलेली शब्दावली आहे का आणि मूळ मजकूर मध्येच बदलला तर काय, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं बरं.