सिम बंद करण्याआधी

२०२५ च्या जूनअखेरीस छत्तीसगडमधल्या गरियाबंद जिल्ह्यातल्या एका तरुणाने गावाजवळच्या दुकानातून नवे सिम घेतले. वॉट्सॲप सुरू केले, तर प्रोफाइलवर फोटो आला क्रिकेटपटू रजत पाटीदारचा. मग फोन यायला लागले. पलीकडचा माणूस स्वतःला विराट कोहली म्हणवत होता, कधी एबी डिव्हिलियर्स. मित्र चेष्टा करताहेत, असे समजून त्यानेही त्याच सुरात उत्तरे दिली. पुढे खुद्द पाटीदारचा फोन आला, पोलीस दारात आले, तेव्हा उलगडा झाला. नंबर पूर्वी पाटीदारचा होता. बराच काळ न वापरल्याने कंपनीने तो बंद केला आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या ग्राहकाला विकला. यात कुणाचाच गुन्हा नव्हता. तरुणाने सिम परत केले आणि प्रकरण मिटले.

ही बातमी देशभर गमतीने वाचली गेली. पण पाटीदारच्या जागी एखादी निवृत्त शिक्षिका असती आणि फोन मित्रांचे नसून बँकेचे असते, तर? मोबाइल नंबर आपल्या मालकीचा नसतो, तो वापरायला मिळालेला असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच स्पष्ट केले होते: बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. जुन्या नंबरवरच्या वॉट्सॲप माहितीचा गैरवापर होईल, अशी भीती त्या याचिकेत होती. न्यायालयाने जबाबदारी जुन्या ग्राहकाकडे सोपवली. नंबर सोडण्याआधी खाते काढून टाकावे, माहिती पुसावी.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या केविन ली आणि अरविंद नारायणन या संशोधकांनी २०२१ मध्ये हा प्रश्न मोजून पाहिला. दोन मोठ्या कंपन्यांकडे नव्या ग्राहकांसाठी उपलब्ध असलेले २५९ नंबर त्यांनी तपासले. त्यांतले १७१ नंबर लोकप्रिय वेबसाइटांवरच्या कुणा ना कुणाच्या चालू खात्यांना जोडलेले निघाले. जुन्या मालकांनी नंबर सोडला होता, खात्यांतून काढला मात्र नव्हता.

आपल्याकडे नंबर सोडण्याची पद्धत ठरलेली आहे: रिचार्ज करायचे नाही, बस. २०२४ च्या जुलैमध्ये मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यावर दुसरे सिम असेच अनेकांनी वाऱ्यावर सोडले. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलेही हेच करतात. अडचण अशी की रिचार्ज संपले की आधी आउटगोइंग बंद होते, मग इनकमिंगही. ओटीपी हा इनकमिंग मेसेजच असतो. आणि बहुतेक ठिकाणी नंबर बदलायला गेले की पहिला ओटीपी येतो तो जुन्याच नंबरवर. त्यामुळे नंबर सगळीकडून काढण्याचे काम सिम जिवंत असतानाच करावे लागते. उरलेली सगळी घाई या एका गोष्टीतून येते.

काम सुरू करायचे कुठून? आठवणीवर विसंबले तर निम्मी खाती सुटतात. त्यापेक्षा त्या सिमचा मेसेजचा इनबॉक्स उघडावा. वर्षानुवर्षे साचलेला तो ढीग म्हणजे नंबर कुठे कुठे दिला, याची आयती वही असते. ‘OTP’, ‘registered’, ‘debited’ हे शब्द एकेक करून शोधावेत. पाठवणाऱ्याच्या नावाकडेही पाहावे. अलीकडे त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असते: जाहिरातीला P, सेवेच्या मेसेजला S, व्यवहाराला T, सरकारी मेसेजला G. P वाले सोडून द्यावेत आणि बाकीच्या तिन्ही प्रकारांतली नावे कागदावर उतरवावीत. मग ईमेलमध्ये नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून शोध घ्यावा. फोनच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत युजरनेम म्हणून हाच नंबर कुठे दिसतो, तेही बघावे.

समजा, सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने हे केले. दोन सिमांपैकी जुने सोडायचे आहे. पेन्शनची बँक, गॅस, महावितरण, विमा, एक म्युच्युअल फंड, जेवण मागवायचे ॲप, दोन खरेदीची ॲप्स अशी अपेक्षित यादी निघते. पण त्याच इनबॉक्समध्ये सासऱ्यांच्या आधारचे ओटीपी आहेत, जावेच्या गॅस बुकिंगचे मेसेज आहेत आणि मुलाने कॉलेजात असताना उघडलेल्या बँक खात्याचे व्याजही इथेच कळते. आपल्या घरांत हे सर्रास होते. ज्याच्याकडे आधी फोन आला, त्याचा नंबर सगळ्यांच्या कागदांवर चढला. म्हणून नंबर सोडणाऱ्याने घरच्यांना आधी विचारायचे, की माझा नंबर कुणी कुठे दिलाय का?

आधारचे उत्तर तर विचारण्याआधीच मिळते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वैध आहे का, हे तपासण्याची सोय आहे. तिथे जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात आणि त्यासाठी ओटीपी लागत नाही. सासऱ्यांच्या आधारवर जुन्याच नंबरचे आकडे दिसले, तर त्यांना आधार केंद्रावर न्यावे. बोटांचे ठसे जुळले की पुरते, मोबाइल बदलायला कागदपत्र लागत नाही. शुल्क ७५ रुपये. नोंद व्हायला काही दिवस जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी.

त्याच्या जोडीला ईमेल. गूगल खात्यात नंबर एकाच जागी नसतो, आणि फसगत नेमकी इथे होते. वैयक्तिक माहितीत एक, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी तिसरा, अशा वेगवेगळ्या जागा असतात. एका ठिकाणी बदलला म्हणून बाकीच्या ठिकाणी तो आपोआप बदलला, असे गृहीत धरू नये. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही संपर्काचा नंबर वेगळा आणि पडताळणीचा वेगळा. ईमेल हातात असले की बाकी बऱ्याच खात्यांची दारे त्यावरून उघडता येतात. तेच परक्याच्या हाती गेले, तर त्याच्यासाठीही उघडतात.

बँकेत एकदा अर्ज दिला की काम झाले, असे वाटते. पण बचत खाते, क्रेडिट कार्ड, कर्ज आणि डिमॅट यांच्या नोंदी अनेक बँकांत वेगवेगळ्या असतात. प्रत्येकीचे स्वतंत्रपणे विचारावे लागते. बदल खरोखर झाला का, याची परीक्षा सोपी आहे: नेट बँकिंगमध्ये लॉगिन करावे, शंभर रुपये कुठे तरी पाठवावेत आणि ओटीपी कोणत्या फोनवर वाजतो ते पाहावे. शाखेतल्या माणसाने ‘झालंय मॅडम’ म्हटले तरी ही परीक्षा सोडू नये.

यूपीआयचे खाते पुसणे वेगळे. फोनमधून ॲप काढून टाकले तरी नोंदणी तशीच राहते. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन जुन्या नंबरची यूपीआय ओळख रद्द करावी, मग नव्या नंबरवरून पुन्हा नोंदणी करावी. शिक्षिकेचे नातेवाईक दिवाळीला तिच्या नंबरवर पैसे पाठवत असतील, तर त्यांनाही कळवायला हवे. पुढे तो नंबर दुसऱ्याने आपल्या यूपीआयला जोडला, तर पैसे त्याच्याकडे जातील. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारे नाव वाचण्याची सवय इथे कामी येते. कायमचे बंद झालेले नंबर कोणते, याची अधिकृत यादी निघते. २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲप्सनी ती नियमित पाहून आपल्या नोंदी साफ करायच्या आहेत. चांगली सोय आहे ही, पण ती बँकांच्या पुढची कुठलीही खाती झाकत नाही.

झाकत नाही ती सर्वांत मोठी वर्गवारी म्हणजे पासवर्डच नसलेली ॲप्स. जेवण, रिक्षा, औषधे, किराणा. यांत नंबर टाकला, ओटीपी भरला, की खाते उघडते. तोच नंबर मिळालेल्या नव्या माणसाने भोळेपणाने ॲप उतरवले, तरी त्याला शिक्षिकेच्या घराचा पत्ता, औषधांच्या जुन्या ऑर्डरी आणि कदाचित वॉलेटमधली शिल्लक दिसेल. यासाठी हॅकर लागत नाही. अशा प्रत्येक ॲपमध्ये नंबर बदलावा आणि ते जमत नसेल तर आधी पत्ते व साठवलेली कार्डे पुसून खाते हटवावे.

वॉट्सॲप यादीत शेवटी येते, कारण सगळ्यांना कळवायला तेच लागते. सेटिंग्ज, अकाउंट, मग नंबर बदलण्याचा पर्याय. त्याने ग्रुप आणि प्रोफाइल नव्या नंबरवर जातात, जुन्या नंबरवरचे खाते संपते आणि ओळखीच्यांना सूचना पाठवायची का, हेही विचारले जाते. हे न करता सिम बाजूला ठेवून घरच्या वायफायवर वॉट्सॲप चालू ठेवणारे पुष्कळ जण असतात. ४५ दिवस वापरात नसलेले खाते दुसऱ्या फोनवर सुरू झाले तर जुनी माहिती काढली जाते, असे कंपनी सांगते. पण जे रोज वापरात आहे, ते निष्क्रिय ठरणार कसे? खात्याला नंबर जुनाच, आणि तो उद्या दुसऱ्याच्या खिशात. ट्रूकॉलरमध्ये असलेले नावही खाते बंद करून त्यांच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढल्यावरच जाते.

एवढे झाल्यावरही सिम लगेच फेकू नये. सर्वांत स्वस्त रिचार्ज मारून ते एखाद्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालावे आणि दोनेक महिने चार्जिंगला लावून ठेवावे. अधूनमधून इनबॉक्स पाहिला की सुटलेली खाती स्वतःच बोलतात: वार्षिक विम्याची आठवण, म्युच्युअल फंडाचे विवरण, लायब्ररीचे नूतनीकरण. वर्षातून एकदाच येणारे मेसेज या मुदतीत येतीलच असे नाही, म्हणून जुना इनबॉक्स पुन्हा एकदा चाळावा. काही गोष्टी तरीही राहतात. दुसऱ्यांच्या फोनमध्ये साठवलेला आपला नंबर आपल्याला पुसता येत नाही. तो कळवावाच लागतो.

फक्त जाहिराती येऊ लागल्या, की सिम रीतसर बंद करण्याची वेळ झाली. पोस्टपेड असेल तर शेवटचे बिल भरून लेखी विनंती करावी, नाही तर थकबाकी वाढत राहते. नंतर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर चालू नंबरने लॉगिन केले, की आपल्या नावावर कोणकोणते मोबाइल क्रमांक आहेत, ते दिसते. जुना नंबर तिथे अजून असेल, तर त्याच्यासमोर ‘Not Required’ निवडता येते. काही आठवड्यांनी यादी पुन्हा उघडून तो गेला का, हे बघावे.